लॉग-लॉग ग्राफवरून n आणि K: व्ही-नॉचच्या प्रॅक्टिकलमध्ये इंटरसेप्ट नेमका कुठे वाचायचा

खानापूरहून सकाळच्या बसने बेळगावला डिप्लोमासाठी येणारी एक विद्यार्थिनी रेकॉर्ड बुक घेऊन माझ्याकडे आली. हायड्रॉलिक्स लॅबमधलं व्ही-नॉचचं प्रॅक्टिकल होतं. रीडिंग नीट घेतलेली, ग्राफ स्वच्छ, पॉइंट जवळजवळ एका रेषेत. पण शेवटी विसर्ग गुणांक आला होता १०.५.

"सर, स्लोप तर अडीच आलाय. तो बरोबर आहे ना? मग हे दहा कुठनं आलं?"

स्लोप खरंच बरोबर होता. चूक इंटरसेप्टमध्ये होती, आणि ही चूक मी दरवर्षी बघतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांनी "रेषा Y-अक्षाला जिथे छेदते तो आंतरछेद" हे वाक्य पाठ केलेलं असतं. वाक्य चुकीचं नाही. पण ग्राफ पेपरवर डाव्या कडेला आपण जी उभी रेघ ओढतो ती Y-अक्ष असेलच असं नाही, हे त्या वाक्यात सांगितलेलं नसतं. तिचंच प्रॅक्टिकल आता सुरुवातीपासून करून बघू.

प्रश्न काय आहे

व्ही-नॉच म्हणजे पाण्याच्या वाटेत उभी केलेली पत्र्याची प्लेट, तिच्या वरच्या कडेला इंग्रजी V सारखी खाच. इथे खाचेचा कोन ९०° आहे. खाचेच्या खालच्या टोकापासून मागच्या पाण्याची पातळी जितकी वर, तितका हेड, म्हणजे h. खाचेतून दर सेकंदाला पडणारं पाणी म्हणजे विसर्ग, Q. दोघांमधलं नातं असं मानलेलं आहे:

```
Q = K × h^n
```

रीडिंगवरून n आणि K काढायचे, आणि K वरून विसर्ग गुणांक Cd. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की घात खाली उतरतो:

```
log Q = n × log h + log K
```

हे y = mx + c याच रूपाचं समीकरण आहे. y च्या जागी log Q, x च्या जागी log h. स्लोप म्हणजे सरळ n. इंटरसेप्ट म्हणजे मात्र K नव्हे, log K. आणि c ही किंमत x = ० असतानाची आहे. इथे x हा log h आहे, म्हणून x = ० म्हणजे h = १. h शून्य असण्याशी याचा काही संबंध नाही. शून्याचा लॉग नसतोच. हे एवढं नीट समजलं की पुढचा बहुतेक गोंधळ टळतो.

रीडिंग आणि लॉग

मोजण्याची टाकी १ मीटर बाय १ मीटर होती. तिच्यात पाणी १० सेंटिमीटर चढलं की १०० लिटर झाले. तेवढं चढायला किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर बघायचं आणि १०० ला त्या वेळाने भागायचं. h हूक गेजवर सेंटिमीटरमध्ये.

| h (सेमी) | वेळ (से.) | Q (लि./से.) | log h | log Q |
|---|---|---|---|---|
| ४.० | २२१ | ०.४५२ | ०.६०२ | −०.३४५ |
| ५.० | १२९ | ०.७७५ | ०.६९९ | −०.१११ |
| ६.५ | ६६.० | १.५१५ | ०.८१३ | ०.१८० |
| ८.० | ३९.८ | २.५१३ | ०.९०३ | ०.४०० |
| १०.० | २२.४ | ४.४६४ | १.००० | ०.६५० |
| १२.० | १४.४ | ६.९४४ | १.०७९ | ०.८४२ |

पहिल्या दोन ओळींतले log Q ऋण आहेत, कारण Q एकपेक्षा कमी आहे. लॉग टेबल वापरणाऱ्यांनी इथे थांबून बघावं. टेबलमधून ०.४५२ चा लॉग "बार १ पॉइंट ६५५" असा मिळतो. बार फक्त पुढच्या १ वर असतो, दशांशाचा भाग धनच राहतो. म्हणजे −१ + ०.६५५ = −०.३४५. बरीच मुलं तो −१.६५५ असा ग्राफवर टाकतात आणि मग एक-दोन पॉइंट रेषेच्या कुठल्या कुठे खाली गेलेले दिसतात. खालच्या टोकाचे पॉइंट असे एकदम कोसळले असतील तर रीडिंगवर शंका घेण्याआधी बार तपासा.

कॅल्क्युलेटरवर `log` आणि `ln` ही दोन वेगळी बटणं आहेत. कुठलंही वापरा, स्लोप तोच येईल. पण शेवटी K काढताना `log` वापरला असेल तर १० चा घात, `ln` वापरला असेल तर e चा. मध्येच बदललं की K बिघडतो आणि स्लोपवरून काहीच कळत नाही.

साध्या ग्राफ पेपरवर रेषा

तिने X-अक्षावर ०.५ ते १.१ घेतलं होतं, दर २ सेंटिमीटरला ०.१. Y-अक्षावर −०.८ ते १.०, दर २ सेंटिमीटरला ०.२. ही निवड चांगली आहे. सगळे पॉइंट कागदभर पसरतात आणि रेषा अचूक ओढता येते. X शून्यापासून सुरू केला असता तर सगळी रीडिंग उजव्या बाजूला दाटली असती आणि निम्म्याहून जास्त कागद रिकामा राहिला असता. म्हणजे ०.५ पासून सुरुवात करणं ही तिची चूक नव्हती.

आता पारदर्शक पट्टी ठेवून सगळ्या पॉइंटच्या मधून जाणारी एक रेषा ओढायची. काही पॉइंट वर राहतील, काही खाली. पहिला आणि शेवटचा पॉइंट जोडून मोकळं व्हायचं नाही, कारण मग मधल्या चार रीडिंगची मेहनत वाया जाते.

स्लोपसाठी दोन बिंदू रेषेवरचे घ्यायचे, टेबलमधले नव्हेत. ते शक्य तितके लांब असावेत, आणि x च्या सोयीच्या किमतींवर. तिच्या रेषेवर x = ०.६५ ला y = −०.२३ आणि x = १.०५ ला y = ०.७७ मिळालं.

```
n = (०.७७ − (−०.२३)) / (१.०५ − ०.६५)
  = १.०० / ०.४०
  = २.५०
```

वजा-वजा अधिक होतं हे वरच्या ओळीत न विसरता लिहा. ते विसरलं तर स्लोप १.३५ येतो. दुसरी एक चूक म्हणजे पट्टीने त्रिकोणाच्या बाजू मोजून भागाकार करणं. या ग्राफवर तसं केलं तर १.२५ येईल, कारण उभ्या अक्षाचं प्रमाण आडव्याच्या दुप्पट आहे. साध्या ग्राफ पेपरवर किमती अक्षांवरूनच वाचायच्या.

इंटरसेप्ट

तिने काय केलं होतं ते बघा. रेषा डावीकडे वाढवली आणि कागदाच्या डाव्या उभ्या रेघेवर ती जिथे टेकली तिथे −०.६०५ वाचलं. मग १०^(−०.६०५) = ०.२४८ हा K घेतला. पण ती उभी रेघ x = ०.५ ची आहे. खरा Y-अक्ष, म्हणजे x = ०, तिच्या प्रमाणात त्या रेघेच्या आणखी १० सेंटिमीटर डावीकडे, कागदाबाहेर, टेबलावर कुठेतरी आहे. तिथपर्यंत जाताना रेषा अजून २.५ × ०.५ = १.२५ ने खाली उतरते. लॉगमधले १.२५ म्हणजे जवळजवळ १८ पट. K अठरा पट मोठा आला, म्हणून Cd ही अठरा पट.

कागद जोडत बसायची गरज नाही. स्लोप हातात आहे, रेषेवरचा कुठलाही एक बिंदू घ्या आणि गणिताने मागे जा:

```
log K = y − n × x
      = ०.७७ − २.५० × १.०५
      = −१.८५५
K = १०^(−१.८५५) = ०.०१४०
```

दुसऱ्या बिंदूने ताळा करा: −०.२३ − २.५० × ०.६५ = −१.८५५. तोच आला. ही दुसरी ओळ मी मुलांना लिहायलाच लावतो. दोन उत्तरं जुळली नाहीत तर स्लोपच्या भागाकारात चूक झालेली असते.

आता एकक. हा K लिटर, सेकंद आणि सेंटिमीटर यांच्या हिशोबातला आहे. Cd च्या सूत्राला मीटर आणि घनमीटर लागतात. h सेंटिमीटरमध्ये म्हणजे १०० × H मीटर, आणि १००^२.५ = १०^५. Q लिटरमध्ये म्हणजे १००० × घनमीटर. म्हणून K ला १०^५ ने गुणून १००० ने भागायचं, म्हणजे शंभरने गुणायचं. नवा K = १.४०. लक्षात घ्या, एकक बदललं की संपूर्ण रेषा ग्राफवर सरकते पण तिरकी होत नाही. n तोच राहतो, बदलतो तो फक्त K. त्यामुळे K लिहिताना एकक लिहिलं नसेल तर ते उत्तर अर्धवट आहे.

९०° खाचेसाठी सूत्र असं:

```
K = (८/१५) × Cd × √(2g) × tan 45°
१.४० = २.३६ × Cd
Cd = ०.५९
```

९०° च्या व्ही-नॉचसाठी Cd साधारण ०.५८ ते ०.६० च्या आसपास येतो, तेव्हा हे उत्तर पटण्यासारखं आहे. तिचा १०.५ पटण्यासारखा नव्हता, कारण प्रत्यक्ष विसर्ग हा सैद्धांतिक विसर्गापेक्षा कमीच असतो आणि Cd एकच्या खालीच राहतो. व्हायवाला बसण्याआधी एवढं एकदा तपासलं असतं तर तिला स्वतःलाच कळलं असतं.

लॉग-लॉग पेपर दिला असेल तर

काही परीक्षांत लॉग-लॉग पेपर हातात देतात. त्यावर लॉग काढावा लागत नाही, h आणि Q सरळ मांडायचे. रेघांमधलं अंतरच लॉगच्या हिशोबाने कमी-जास्त केलेलं असतं. १ ते १० हा एक टप्पा, त्याला सायकल म्हणतात. h साठी १ ते १०० आणि Q साठी ०.१ ते १०, अशा दोन-दोन सायकल आपल्या रीडिंगला पुरतात.

इथे स्लोप काढताना अक्षावर वाचलेल्या आकड्यांची सरळ वजाबाकी करायची नाही. रेषेवर h = ५ ला Q = ०.७८ आणि h = १० ला Q = ४.४२ दिसतं. (४.४२ − ०.७८) / (१० − ५) केलं तर ०.७३ येतो, आणि त्याला काही अर्थ नाही. लॉग घेऊनच वजाबाकी करायची:

```
n = log(४.४२/०.७८) / log(१०/५)
  = ०.७५३ / ०.३०१
  = २.५०
```

गंमत अशी की साध्या पेपरवर चुकीची असलेली पट्टी इथे चालते. दोन्ही अक्षांवर एका सायकलची लांबी सारखी असेल तर रेषेवर ४० मिलिमीटर आडवं आणि १०० मिलिमीटर उभं मोजा, भागाकार २.५. लांबी सारखी आहे की नाही हे मात्र आधी मोजून घ्या.

K साठी h = १ च्या उभ्या रेघेवर Q वाचायचा. आपल्या बाबतीत तो ०.०१४ आहे आणि कागद ०.१ ला संपतो, म्हणजे पुन्हा तीच अडचण. मग h = १० च्या रेघेवर वाचा: Q = ४.४२. तिथे Q = K × १०^२.५ = ३१६ K. म्हणून K = ४.४२ / ३१६ = ०.०१४०.

शून्याची चूक, जी रेषेत लपते

आतापर्यंतच्या चुका कागदावरच्या होत्या. आता लॅबमधली एक, जिच्यासाठी लॉग-लॉग ग्राफ सगळ्यात उपयोगी पडतो.

h मोजायचा तर आधी खाचेच्या टोकाची पातळी हूक गेजवर घ्यावी लागते. बहुतेक जण पाणी सोडून देतात, खाचेतून टपकणं थांबलं की ती पातळी शून्य धरतात. पण पृष्ठताणामुळे पाणी टोकाच्या थोडं वरच अडून राहतं. मग शून्य वर धरला जातो आणि प्रत्येक h खरा आहे त्यापेक्षा कमी लिहिला जातो. उलटही होतं: प्लेटच्या खालून पाणी झिरपत असेल तर पातळी टोकाच्या खाली जाते, शून्य खाली धरला जातो आणि सगळे h जास्त येतात.

समजा प्रत्येक h मध्ये ०.३ सेंटिमीटर जादा शिरले. आपली रीडिंग ४.३ पासून १२.३ अशी होतील, Q तेच. दोन टोकांवरून स्लोप काढला तर २.६० येतो. उलट ०.३ कमी लिहिले गेले तर २.३७. मुलं म्हणतात, "अडीचच्या जवळच आहे की." पण K बघा. स्लोप २.६० घेऊन मागे गेलं की log K = −१.९९ आणि K = ०.०१०२. स्लोपमध्ये चार टक्के फरक, K मध्ये सत्तावीस टक्के. कारण आपले पॉइंट x = ०.८५ च्या भोवती आहेत आणि इंटरसेप्ट x = ० ला. एका टोकाला धरलेल्या लांब काठीसारखं आहे, हाताशी थोडं हललं की दुसरं टोक खूप हलतं.

ही चूक ओळखायची खूण रेषेच्या खालच्या टोकाला असते. ०.३ सेंटिमीटर हे १२ मध्ये किरकोळ, पण ४ मध्ये साडेसात टक्के. म्हणून वरचे पॉइंट जवळपास जागेवर राहतात आणि खालचे बाजूला सरकतात. h जास्त लिहिला असेल तर खालचं टोक जास्त उभं होतं, कमी लिहिला असेल तर जास्त आडवं. पॉइंट इकडेतिकडे विखुरलेले असतील तर ती हाताची चूक. सगळे मिळून एका बाजूला वाकत असतील तर शून्य परत घ्या. टपकणं थांबण्यावर विसंबू नका. खाचेच्या टोकावरून स्पिरिट लेव्हल लावून सरळ पट्टी हूकपर्यंत आणा आणि ती पातळी वाचा. फक्त एक ध्यानात ठेवा: फार कमी हेडला पाणी सुटून न पडता प्लेटला चिकटून खाली उतरतं, तेव्हाही खालचा पॉइंट बिघडतो. ते पाण्याकडे नुसतं पाहिलं तरी दिसतं. तसं दिसलं तर त्या रीडिंगपुढे खूण करा आणि रेषा ओढताना ते बाजूला ठेवा.

वरच्या टोकाला दुसरी अडचण. १२ सेंटिमीटरला टाकी १४ सेकंदांत भरते, तिथे स्टॉपवॉच ०.३ सेकंद चुकलं की Q मध्ये २ टक्के फरक. खाली २२१ सेकंदांत तेवढ्याने काहीच होत नाही, पण तिथे h मधला एक मिलिमीटर म्हणजे अडीच टक्के, आणि घात अडीच असल्यामुळे Q मध्ये सहा टक्के. म्हणून खाली हूक गेज जपून, वर स्टॉपवॉच जपून. वरची दोन रीडिंग तीन-तीनदा घ्या.

n ची सैद्धांतिक किंमत २.५ माहीत आहे, आणि तुमचा स्लोप २.४७ किंवा २.५३ आला असेल, तर Cd साठी K काढताना n = २.५ धरून पॉइंटच्या मध्याशी हिशोब करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. आपल्या सहा रीडिंगची सरासरी log h = ०.८४९ आणि log Q = ०.२६९. त्यावरून log K = ०.२६९ − २.५ × ०.८४९ = −१.८५४, K = ०.०१४०. रेकॉर्डमध्ये दोन्ही लिहा, ग्राफवरून आलेला n आणि २.५ धरून काढलेला K, आणि कुठला कसा काढला ते स्पष्ट सांगा.

तिने रेकॉर्ड दुरुस्त केलं आणि मग विचारलं, घरच्या शेतात विहिरीच्या पंपाचं पाणी पाटातून जातं, तिथे अशी प्लेट बसवली तर चालेल का. चालेल, पण प्लेटच्या मागे पाणी संथ साठायला हवं, खाचेची कड धारदार हवी, पाणी मोकळं सुटून पडायला हवं, आणि h प्लेटला चिकटून न मोजता हेडच्या चारेक पट तरी मागे मोजायला हवा, कारण खाचेजवळ पाण्याची पातळी वाकलेली असते. पुढच्या सोमवारी ती आकडा घेऊन आली: h सात सेंटिमीटर. log ७ = ०.८४५, त्याचे अडीच पट २.११३, वजा १.८५५, उरले ०.२५८. Q = १.८ लिटर दर सेकंदाला, तासाला साडेसहा हजार लिटरच्या आसपास. सात हे आपल्या ४ ते १२ च्या आतलं आहे, म्हणून हा आकडा वापरता येतो. पावसात पाट भरून h वीसवर गेला तर त्या पाण्यासाठी हा K वापरायचा नाही, हेही तिने त्याच पानावर खाली लिहून ठेवलं.